तरफांची आस आणि मायक्रोफोनची जागा

सतारीवर वाजवायच्या तारा पडद्यांवरून जातात. त्यांच्या खाली, पडद्यांच्या कमानीतून, साधारण 11 ते 13 बारीक तारा ताणलेल्या असतात. त्या तरफा. त्यांना सहसा नखी लागत नाही. वरच्या तारेवर पंचम वाजला की पंचमात लावलेली तरफ आपोआप थरथरते आणि मूळ स्वर ओसरल्यावरही तिची आस काही क्षण टिकते. कानाला गोड वाटणारी हीच आस ध्वनिमुद्रणात बऱ्याचदा पत्रा थरथरल्यासारखी चिरकी होते. ती नेमकी टिपण्याचा प्रश्न बहुतांशी मायक्रोफोन कुठे ठेवला यावर सुटतो.

पहिला गैरसमज असा की तरफा हव्या असतील तर मायक्रोफोन तरफांकडे वळवावा. बारीक तार स्वतः फारच थोडी हवा हलवते. तरफेचे कंपन छोट्या घोडीतून तबलीत उतरते आणि तबली ते हवेत सोडते. दांडीवर जिथे तरफा डोळ्यांना दिसतात, तिथे त्यांचा आवाज उलट कमी असतो. त्यामुळे तरफा ऐकायच्या त्या तबलीतूनच.

याच तबलीवर मोठी घोडीही असते, आणि अडचण तिथे सुरू होते. घोडीचा माथा रुंद आणि किंचित उतरता घासलेला असतो. तार त्या उतारावर टेकत-सुटत कंप पावते आणि तिच्यातून उंच उपस्वरांचा झोत निघतो. हीच जवारी. मायक्रोफोन घोडीपासून 10-15 सेंटिमीटरवर रोखला, तर नखीचा ठोका आणि जवारीचे हे वरचे उपस्वर सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठे येतात. बैठकीत दोन मीटरवर बसलेल्या श्रोत्याला ते त्या प्रमाणात कधीच ऐकू येत नाहीत. त्यात अनेक कंडेन्सर मायक्रोफोन वरच्या पट्ट्यात मुद्दाम थोडी उठावणी देणारे असतात. नॉयमन कंपनीचा केएम 184 हा त्याच कंपनीच्या जुन्या केएम 84 पेक्षा 9 किलोहर्ट्झच्या आसपास उजळ आहे. गायकाच्या आवाजाला अशी उठावणी मानवते, खुल्या जवारीच्या सतारीला ती बोचते. सपाट प्रतिसादाचा किंवा रिबन पद्धतीचा मायक्रोफोन इथे जास्त उपयोगी पडतो.

मात्र मायक्रोफोनला हात लावण्याआधी वाद्य तपासणे आवश्यक आहे. एकेक तरफ करंगळीच्या नखाने छेडून ऐकावी. एखादीच तरफ चिरकत असेल आणि बाकीच्या साफ असतील, तर दोष वाद्यात आहे: छोट्या घोडीवर त्या तारेखाली खाच पडली असेल, तार पडद्याच्या पोटाला लागत असेल, किंवा पडद्याची बांधणी सैल झाली असेल. सगळ्याच स्वरांवर सारखा धातूचा किणकिणाट येत असेल आणि मायक्रोफोन मागे नेल्यावर तो कमी होत असेल, तर दोष जागेचा. तिसरी शक्यता बेसूर तरफांची. तरफ मूळ स्वरापासून किंचित हलली असली तर ती नीट जागी होत नाही, आणि मग तिचा आवाज वाढवण्याच्या नादात मायक्रोफोन उगाच जवळ ओढला जातो. यमननंतर बागेश्री मुद्रित करायची असेल, तर कोमल गंधार आणि कोमल निषादासाठी तरफा पुन्हा लावून घेतल्याशिवाय मायक्रोफोनच्या जागेवर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

एक उदाहरण घेऊ. सतारीचा षड्ज काळी एक, राग यमन, जागा घरातली साधी खोली. पंखा बंद, फरशीवर जाड सतरंजी, कारण उघड्या फरशीवरून परतणारा आवाजही कडक असतो. एकच मायक्रोफोन वादकाच्या समोर, पण थोडा दांडीच्या बाजूला, तबलीपासून 45 सेंटिमीटरवर उभा करायचा. त्याचे तोंड घोडीकडे न ठेवता, दांडी तबलीला मिळते त्याच्या अलीकडच्या तबलीच्या भागाकडे ठेवायचे. त्यामुळे घोडी आणि नखीचा हात सरळ रोखात येत नाहीत. सर्वांत जोरदार ठोकाही उणे 12 डेसिबलच्या वर जाणार नाही इतकाच आवाज उघडायचा. शिखरे कापली गेली, तर तीही पत्र्यासारखीच ऐकू येतात.

आता चाचणी. बाजाच्या तारेवर पंचम वाजवून ती लगेच बोटाने दाबायची. मागे जे उरते ती तरफांची आस. हाच ठोका 15, 30, 45 आणि 60 सेंटिमीटरवरून मुद्रित करायचा आणि ऐकताना चारही तुकडे सारख्या मोठेपणाने लावायचे, नाहीतर मोठा वाजणारा तुकडा कानाला चांगलाच वाटतो. 15 वर ठोका टोचतो आणि मागची आस चिर्र करते. अंतर दुप्पट केले की वाद्याचा थेट आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो, खोलीचा मात्र तेवढाच राहतो. म्हणून 60 वर बहुतेक घरांत खोलीचा घुमारा आणि रस्त्याची गुणगुण तरफांवर बसते. साध्या खोलीत योग्य जागा बहुधा 35 ते 50 च्या मध्ये सापडते. बंद जवारीची सतार थोडे जवळचे अंतर सोसते, खुल्या जवारीला जास्त लांबी लागते.

दुसरा मायक्रोफोन जपून वापरावा. दोघांपर्यंत आवाज पोचण्याच्या अंतरात 17 सेंटिमीटरचा फरक पडला, तर एकत्र केल्यावर 1000, 3000 आणि 5000 हर्ट्झच्या आसपास आवाज एकमेकांना खातो आणि सतार डब्यात वाजल्यासारखी पातळ होते. तरफा चिरकतात अशी तक्रार असते तेव्हा खरा दोष पुष्कळदा हाच असतो. एक मायक्रोफोन बंद करून पाहिल्यावर चिरकेपणा गेला, तर निदान पक्के. दुसरा ठेवायचाच असेल तर तो पहिल्यापेक्षा निदान तिप्पट अंतरावर आणि आवाजात बराच खाली ठेवावा.

सरोदचा हिशेब थोडा वेगळा आहे. त्याची घोडी ताणलेल्या कातड्यावर बसते आणि सतारीसारखी रुंद जवारी मुख्य तारांना नसते. इथे बोचतो तो नारळाच्या करवंटीच्या जव्याचा टणकपणा आणि पोलादी पट्टीवर घासणारे नख. ठोका जोरदार असल्याने मायक्रोफोन 50 ते 60 सेंटिमीटरवर न्यावा आणि घोडी व पट्टीचे टोक यांच्या मधल्या कातड्याकडे, पट्टीपासून थोडा फिरवून ठेवावा. दमट हवेत कातडे सैल पडले की तरफांची आस आधी मंदावते. ती कमतरता मायक्रोफोन जवळ आणून भरून निघत नाही.

मंचावर इतके अंतर मिळत नाही, कारण मायक्रोफोन लांब गेला की स्पीकरची शीळ सुरू होते. तिथे 20 सेंटिमीटरवर, पण घोडी टाळूनच, मायक्रोफोन लावावा आणि 3 किलोहर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबल उतरवावे. तबलीला चिकटवलेला पिकअप शिळेपासून वाचवतो, पण तो ठोका जास्त आणि हवेतली आस कमी घेतो. घरच्या ध्वनिमुद्रणात मात्र इक्वलायझर शेवटी हाती घ्यावा. चिरकेपणा आणि तरफांचे उपस्वर एकाच पट्ट्यात असतात, त्यामुळे एक कापताना दुसरेही कापले जातात.