रात्रीच्या पाण्याचा चहा

थ्री-फेज वीज रात्रीची आली की मुडबीच्या शिवारात ऊसवाल्याला जागावं लागतं. हौदावर मोटर, हातात खोरं, डोक्याला बॅटरी. एका रात्री मी अशाच एका शेतकऱ्याबरोबर दारं धरायला थांबलो. तो पहाटे पाचला उठलेला, म्हणजे रात्रीचा पहिला चहा दहाला घेतला तेव्हा त्याचं जागरण सतरा तासांचं झालं होतं.

जागेपणी मेंदूच्या पेशी ऊर्जा खर्च करतात आणि त्यातून ॲडेनोसिन साचत जातं. ते पेशींवरच्या ठरावीक ग्राहींना चिकटलं की जागं ठेवणाऱ्या पेशी मंदावतात, डोळे जड होतात. झोपेत ते ओसरतं. कॅफिनचा रेणू ॲडेनोसिनशी इतका मिळताजुळता की तो त्याच ग्राहीवर बसतो, पण मंदावण्याचा इशारा मात्र देत नाही. एसटीच्या सीटवर रुमाल टाकून जागा धरावी, तसं. ॲडेनोसिन कुठं जात नाही, ते मागं साचतच राहतं. रुमाल उचलला गेला की एकदम सगळं अंगावर येतं.

पहाटे तीनला तर चहा अंगात असूनही साचलेली झोप भारी पडली. वाफा भरून बांध फुटला तरी त्याला कळलं नाही. त्या वेळी शरीराचं घड्याळही झोपेकडंच ओढत असतं. उजाडल्यावर तो तरतरीत दिसू लागला, पण साठा कमी झाला म्हणून नव्हे, घड्याळ दिवसाकडं वळलं म्हणून.

दहा, बारा आणि दोन असे त्यानं तीन कप घेतले. लहान कपात अंदाजे २५ मिलिग्रॅम कॅफिन धरू. साधारण पाच तासांत त्यातलं निम्मं शरीरातून जातं. त्या हिशेबानं सकाळी सातला तो आडवा झाला तेव्हा रात्रीच्या कपांतलंच एका अख्ख्या कपाहून थोडं जास्त कॅफिन अंगात होतं. शेजारचा गडी बिडी ओढतो. तंबाखूच्या धुरानं यकृत कॅफिन जास्त वेगानं फोडतं, त्यामुळं तेवढाच चहा घेऊनही त्याच्यात याच्या निम्म्याहूनही कमी उरलं असणार. आरोग्यासाठी बिडीचा सौदा मात्र घाट्याचाच.

"दोन चा पोटात गेल्याबिगर डोळाच उघडत न्हाई," शेतकरी म्हणाला. दिवसालाही त्याचे पाच-सहा कप होतात. ग्राही रोज अडवले गेले की मेंदू त्यांची संख्या वाढवतो, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. मग तेवढ्याच चहानं सगळ्या जागा धरल्या जात नाहीत. सकाळच्या कपानं येणारी तरतरीही बरीचशी रात्रभरात आलेली तूट भरून निघाल्याचीच असते. रोज्याच्या पहिल्या एक-दोन दिवसांत चहाबाजांचं डोकं दुपारनंतर ठणकतं, तेही यामुळंच: मोकळ्या, वाढलेल्या ग्राहींवर ॲडेनोसिन तुटून पडतं, मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. काही दिवसांत ते आपोआप शमतं.

दिवसाचे कप सोडून फक्त रात्रीचे दोन ठेवावेत, शेवटचा बाराच्या आत, असं मी सुचवलं. रात्रीचं ठीक, म्हणाला. पण दिवसा कुणाच्या दारात गेल्यावर चहाला नाही कसं म्हणायचं?