उपशीर्षकात प्रश्न का विचारावा?

वारस नोंदीवरच्या लेखात ‘फेरफार प्रक्रिया’ असं उपशीर्षक दिलं, तर वाचकाची नजर तिथे ठरत नाही. त्यानं गुगलवर शोधलेलं असतं, ‘वडिलांची जमीन नावावर कशी करायची’. म्हणून उपशीर्षकही तसंच हवं: ‘वडिलांची जमीन वारसांच्या नावावर कशी होते?’ आणि उत्तर लगेच पहिल्या वाक्यात यावं: तलाठ्याकडे अर्ज, हरकतींसाठी १५ दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. तिथे आधी कायद्याचा इतिहास सुरू केला, तर चाळणारा वाचक निघून जातो. लोक कोणते शब्द वापरतात, ते शोधपट्टीखाली येणाऱ्या सूचनांवरून कळतं. मात्र सगळीच उपशीर्षकं प्रश्नार्थक नकोत. यादीवर ‘लागणारी कागदपत्रं’ एवढं पुरतं.