बाकवी, रशादी आणि आपला इसवी सन

बंगळुरात नागवाऱ्याच्या बाजूला गेलं की पत्त्यांत ‘अरेबिक कॉलेज पोस्ट’ असं लिहिलेलं आढळतं. हे कॉलेज म्हणजे दारुल उलूम सबीलुर्रशाद. मौलाना अबुस्सऊद अहमद यांनी १९६० मध्ये स्थापन केलेला हा मदरसा. इथून आलिम होऊन बाहेर पडणारा आपल्या नावापुढे ‘रशादी’ लावतो. स्वतः संस्थापक मात्र ‘बाकवी’ होते, कारण त्यांचं शिक्षण वेल्लूरच्या अल-बाकियातुस्सालिहात या मदरशातलं. बंगळुरातल्या शिवाजीनगरच्या भिंतींवर जलशांची उर्दू पोस्टरं लागतात, त्यांवर अशी नावं ओळीनं असतात : रशादी, बाकवी, कासमी, नदवी. वाचता येणाऱ्याला ती एखाद्या पदवीसारखी कळतात, कोण कुठं शिकला ते लगेच उमगतं.

या साऱ्या शेपटांना अरबी व्याकरणात ‘निस्बत’ म्हणतात. निस्बत म्हणजे नातं. नामाच्या शेवटच्या व्यंजनाला इकार द्यायचा आणि पुढं ‘ये’ हे अक्षर दुहेरी, म्हणजे तश्दीद देऊन जोडायचं, झालं विशेषण. ‘ये’ दुहेरी कशासाठी? अरबीत एकेरी ‘ये’ जोडली तर अर्थ होतो ‘माझा’. ‘किताबी’ म्हणजे माझं पुस्तक, आणि दुहेरी ‘ये’ असलेलं ‘किताबिय्य’ म्हणजे पुस्तकाविषयीचं. बोलताना शेवटी थांबलं की दोन्ही जवळजवळ सारखेच ऐकू येतात, आणि लिहिताना तश्दीद बहुधा गाळलीच जाते. तेव्हा ‘माझा रशाद’ की ‘रशादचा’, हे वाचणाऱ्यानं संदर्भावरून ठरवायचं. उर्दूत आणि मराठीत आल्यावर तर तश्दीद पुरती विरून गेली, नुसता ‘ई’ उरला. पण पुढं आणखी एक प्रत्यय लावला की ती पुन्हा ऐकू येते. आपण ‘इन्सानियत’ म्हणतो त्यातला ‘य’ तिथलाच. मूळ अरबीत तो ‘य्य’ आहे.

‘रशाद’ व्यंजनात संपतो, म्हणून त्यात काहीच बिघडत नाही. प्रश्न फक्त एवढाच की संस्थेचं नाव दोन शब्दांचं : सबील आणि रशाद, सन्मार्गाची वाट. निस्बत कुठल्या शब्दाला लावायची? जुन्या वैयाकरणांनी या पेचाचा निकाल लावून ठेवलाय. पहिला शब्द सर्वसामान्य असेल आणि ओळख दुसऱ्यानं पटत असेल, तर दुसरा घ्यावा. अबू बक्रवरून ‘बक्री’ होतो, ‘अबवी’ नाही, कारण अबू म्हणजे बाप, आणि बाप कुणाचाही असू शकतो. ‘सबील’ म्हणजे वाट; वाटा जगभर आहेत. म्हणून ‘रशादी’.

‘बाकवी’ची गंमत जास्त आहे. अल-बाकियातुस्सालिहात म्हणजे ‘मागे टिकून राहणारी सत्कृत्यं’; हा कुराणातला शब्दप्रयोग. इथं दुसरा शब्द विशेषण आहे, निस्बत पहिल्यावर लागली. ‘बाकियात’मधलं ‘-आत’ हे स्त्रीलिंगी अनेकवचन. निस्बतीपूर्वी ते काढून टाकावं लागतं, कारण शब्द अनेकवचनी असला तरी नातं मूळ एकाशी जोडायचं. राहतो ‘बाकी’. आता हा ‘बाकी’ स्वतःच ‘ये’त संपतो, त्याच्या अंगावर आणखी दुहेरी ‘ये’ लादायची म्हणजे तीन ‘ये’ एकापुढे एक. अरबी जिभेला ते पेलत नाही. त्यावर दोन तोडगे आहेत. एक, जुनी ‘ये’ गाळायची. मग ‘बाकी’चं विशेषणही लिहायला ‘बाकी’च. किंवा त्या ‘ये’चा ‘वाव’ करायचा, आधीच्या इकाराचा अकार करायचा, आणि मग निस्बत लावायची. व्याकरणाला दोन्ही मान्य आहेत. उलट चार अक्षरांच्या अशा शब्दांत गाळणंच अधिक पसंत केलेलं. तरी वेल्लूरकरांनी दुसरी वाट धरली. मला तर ते शहाणपणाचंच वाटतं. आपली वजाबाकीतली ‘बाकी’ही याच अरबी शब्दातून आलेली, मौलाना अमुक अमुक बाकी असं नाव पोस्टरवर छापलं असतं तर ती व्यक्ती कुणाचं तरी देणं लागते असं वाटलं असतं.

‘वी’ दिसला की तो प्रत्ययच, असं मात्र समजू नये. लखनौच्या नदवतुल उलमाचे पदवीधर ‘नदवी’. यातला ‘व’ मूळ ‘नदवा’ शब्दातलाच आहे. इथं बदल निराळाच झाला : शेवटची गोल ‘ते’, जी थांबल्यावर ‘ह’सारखी ऐकू येते आणि मराठीत ‘आ’ होते, ती गळाली. अशी ‘ते’ निस्बतीपुढे कधीच टिकत नाही. मक्का, बसरा, कूफा यांचे मक्की, बसरी, कूफी होतात ते त्याचमुळे. ‘व’ कुठून आला हे पाहायचं तर मूळ नाम उच्चारून बघावं. त्यात ‘व’ असेल तर तो पाहुणा नाही.

हे सारं परकं वाटत असेल तर आपलीच जुनी दप्तरं उघडावी. त्यांत तीन कालगणनांची नावं येतात : फसली, हिजरी, इसवी. तिन्ही निस्बती. ‘फसल’ म्हणजे पीक, व्यंजनान्त शब्द. त्याला ‘ई’ लागून सरळ ‘फसली’ झाला. ‘हिजरा’तली गोल ‘ते’ गळून ‘हिजरी’. आणि ‘ईसा’ म्हणजे येशू. त्याच्या शेवटी अलिफ आहे, आणि अलिफला इकार देताच येत नाही. म्हणून अलिफचा ‘वाव’ झाला आणि ‘ईसवी’ आला. ‘इसवी सन’ लिहिताना आपण जो ‘व’ उमटवतो, तो ईसाच्या अलिफनं सोडलेली जागा भरतोय. ‘मौला’चा ‘मौलवी’ आणि ‘रिझा’चा ‘रिझवी’ याच साच्यातले.

अलिफचा ‘वाव’ करायचा की अलिफ गाळायचा, हे अलिफ कितव्या अक्षरावर आहे त्यावर ठरतं. तिसरा असेल, जसा ‘रिझा’त, तर ‘वाव’ अटळ. चौथा असेल तर बरेचदा दोन्ही चालतात. पाचवा किंवा त्यापुढचा असेल तर गाळायचाच. या हिशेबानं ‘मुस्तफा’चं विशेषण ‘मुस्तफी’ व्हायला हवं, आणि ‘मुस्तफवी’ला वैयाकरण चूक म्हणतात. तरीही हिंदुस्थानात ‘मुस्तफवी’च रुळलाय. ‘मदीना’ची गोष्ट वेगळी. या घडणीच्या शब्दांत गोल ‘ते’बरोबर मधला दीर्घ ईकारही जातो; म्हणून ‘मदनी’, आणि अबू हनीफांच्या पंथाचे ‘हनफी’. त्याच चालीनं ‘कुरैश’चा अरबीत ‘कुरशी’ होतो. आपल्याकडे मात्र ‘कुरेशी’. अरबानं काढलेला स्वर इथल्या लोकांनी परत आणून बसवला.

कोकणी मुसलमान ज्या पंथाचे, त्या ‘शाफई’ची तऱ्हा आणखी वेगळी. इमामाचं नावच मुळात निस्बत : पूर्वज शाफे, त्यावरून इमाम शाफई. आता त्यांच्या अनुयायाला काय म्हणायचं? नियम असा की आधीची दुहेरी ‘ये’ काढायची आणि नवी दुहेरी ‘ये’ लावायची. लिहून झाल्यावर दोन्ही शब्द तंतोतंत सारखे दिसतात. इमामही शाफई, रत्नागिरीचा कोकणी मुसलमानही शाफई.

गावांच्या नावांत देहलीचे ‘देहलवी’ आणि बरेलीचे ‘बरेलवी’ ‘बाकवी’च्याच रीतीनं घडले, कारण शेवटी ‘ये’. बंगलोर मात्र ‘र’वर संपतं, म्हणून तिथं काही करावं लागलं नाही. म्हैसूरच्या हैदर-टिपूंच्या राजवटीचा इतिहास ‘तारीखे सल्तनते खुदादाद’ या नावानं उर्दूत लिहिणारे महमूद खान हे ‘बंगलोरी’ म्हणून ओळखले जातात. २०१४ च्या नोव्हेंबरात शहराचं अधिकृत नाव बेंगळूरु झालं आणि शेवटी उकार आला. निस्बत लावायची तर आता तो उकार गाळायचा की ‘लखनवी’च्या कानानं तिथं ‘वी’ आणायचा, हे ठरवायला एखाद्या रशादीलाच बसवावं लागेल.