तबकड्यांमधली पोकळी आणि चार नियम

विद्युतचुंबकत्वाचा धडा कोणत्याही बी.एस्सी.च्या पुस्तकात उघडा, पानामागून पान सूत्रांनी भरलेले दिसते. कुलोम, बिओ-सावार, अँपिअर, फॅरडे, लेन्झ, शिवाय प्रत्येक आकाराच्या तारेचे वेगळे सूत्र. हे सगळे चार वाक्यांत मावते. ती वाक्ये पाठ करणे सोपे आहे. ती एकमेकांत कशी अडकलेली आहेत हे कळणे महत्त्वाचे. त्यासाठी मी एकच उपकरण समोर ठेवणार आहे: दोन गोल तबकड्या, मध्ये हवा आणि दोन्ही बाजूंना जोडलेली तार, म्हणजे साधा कपॅसिटर. मात्र त्याच्याकडे वळण्याआधी नियमांची ओळख हवी.

चारही नियम दोनच प्रश्न विचारतात. पहिला प्रश्न असा: एखादी बंद पिशवी कल्पिली, तर तिच्या पृष्ठातून क्षेत्र एकूण किती बाहेर पडते? याला फ्लक्स म्हणतात. दुसरा प्रश्न: एखादा बंद वळसा घेतला आणि त्याच्या कडेकडेने चालत पाऊलभर अंतराला क्षेत्राचा त्या दिशेतला भाग गुणून बेरीज केली, तर ती किती भरते? हे दोन प्रश्न विद्युतक्षेत्र E ला आणि चुंबकीय क्षेत्र B ला विचारले की चार उत्तरे मिळतात.

∮ E·dA = Q/ε₀
∮ B·dA = 0
∮ E·dl = −dΦ_B/dt
∮ B·dl = μ₀I

चौथी ओळ अजून अपुरी आहे. ती मुद्दाम तशीच ठेवली आहे.

पहिला नियम गाउसचा. पिशवीतून बाहेर पडणारा विद्युत फ्लक्स फक्त आत किती विद्युतप्रभार आहे यावर ठरतो. प्रभार आत कुठे बसला आहे, पिशवीचा आकार कसा आहे, याला काही महत्त्व नाही. इथे विद्यार्थी हमखास एक गफलत करतात. पिशवीत प्रभार नसेल तर फ्लक्स शून्य, म्हणून पृष्ठावरचे क्षेत्रही शून्य, असे ते मानतात. तसे नसते. बाहेरच्या प्रभाराचे क्षेत्र पिशवीतून आरपार जाते. एका बाजूने जितके शिरते तितकेच दुसऱ्या बाजूने बाहेर पडते, म्हणून बेरीज तेवढी शून्य होते. याच कारणाने हा नियम नेहमी खरा असला तरी क्षेत्र काढायला नेहमी उपयोगी पडत नाही. गोल, लांब दंडगोल किंवा सपाट पत्रा अशी सममिती असली तरच बेरजेतून E सुटा करता येतो.

दुसरा नियम सांगतो की चुंबकीय रेषांना सुरुवातही नाही आणि शेवटही नाही. चुंबक मधोमध तोडला तरी सुटा उत्तर ध्रुव हाती लागत नाही, दोन चुंबक लागतात. तिसरा नियम फॅरडेचा, 1831 सालचा: वळशातून जाणारा चुंबकीय फ्लक्स बदलू लागला की त्या वळशाभोवती विद्युतक्षेत्र उभे राहते. त्यासाठी तिथे तार असण्याची गरज नाही. तार असली तर तिच्यातून प्रवाह वाहू लागतो आणि क्षेत्र आपल्याला कळते, एवढेच. इंडक्शन शेगडीवर भांड्याचा बुडखा तापतो तो याच गोल फिरणाऱ्या विद्युतक्षेत्रामुळे. सूत्रातले उणे चिन्ह लेन्झचे आहे. उभा राहिलेला प्रवाह मूळ बदलाला विरोध करतो. चिन्ह अधिक असते तर बदलाने प्रवाह वाढला असता, प्रवाहाने बदल वाढला असता आणि ऊर्जा कुठूनही न घेता वाढतच गेली असती.

हे झाले संकलन रूप. ते एका पट्ट्याबद्दल बोलते: एवढी पिशवी, एवढा वळसा. पण निसर्गाला आपली पिशवी माहीत नसते. जे घडायचे ते प्रत्येक बिंदूपाशी घडते. म्हणून पिशवी लहान लहान करत न्यायची आणि फ्लक्सला तिच्या घनफळाने भागायचे. जे उरते ते त्या बिंदूवरचे डायव्हर्जन्स. तसेच वळसा लहान करत त्याच्या कडेची बेरीज क्षेत्रफळाने भागली की कर्ल मिळतो. चारही नियमांचे विकलन रूप असे तयार होते.

∇·E = ρ/ε₀
∇·B = 0
∇×E = −∂B/∂t
∇×B = μ₀J

इथे ρ म्हणजे त्या जागेची प्रभारघनता आणि J म्हणजे प्रवाहघनता.

या रूपात डोळ्यांना दोन चकवे बसतात, आणि मला वाटते धड्यातला खरा अवघड भाग तोच आहे. बिंदूएवढ्या प्रभाराच्या क्षेत्ररेषा चहूकडे फाकताना दिसतात, म्हणून त्या क्षेत्राचे डायव्हर्जन्स सगळीकडे असेल असे वाटते. प्रत्यक्षात प्रभार बसला आहे ती जागा सोडली तर ते सर्वत्र शून्य आहे. अंतर दुप्पट केले की गोलाचे पृष्ठ चौपट होते आणि क्षेत्र चौथा हिस्सा उरते. दोन गोलांच्या मधल्या थरात आतून जितके शिरते तितकेच बाहेर पडते, नवीन काही निर्माण होत नाही. दुसरा चकवा तारेचा. सरळ तारेभोवती चुंबकीय क्षेत्र गोल गोल फिरते, तरी तारेबाहेर त्याचा कर्ल शून्य असतो. ओढ्यात सोडलेल्या छोट्या पाणचक्कीचा विचार करा. ती प्रवाहाबरोबर वळणे घेत पुढे गेली, तरी स्वतःभोवती फिरेलच असे नाही. दोन्ही बाजूंच्या पात्यांवरचा जोर अगदी योग्य प्रमाणात असेल तर ती नुसतीच वाहत जाते. तारेपासून दूर जाताना क्षेत्र अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटते, ते नेमके हेच प्रमाण आहे. म्हणून चित्रातल्या रेषांच्या आकारावरून निष्कर्ष काढू नये, लहान पिशवी किंवा लहान वळसा घेऊन बेरीज करून पाहावी.

आता कपॅसिटर. तबकडीची त्रिज्या 5 सेंटीमीटर धरा आणि तारेतून 1 अँपिअर प्रवाह येतो आहे असे माना. तारेभोवती एक वळसा घेतला. चौथा नियम म्हणतो, कडेची बेरीज म्हणजे μ₀ गुणिले वळशातून जाणारा प्रवाह. ‘वळशातून जाणारा’ म्हणजे वळशाला कड म्हणून धरून ताणलेल्या पडद्यातून जाणारा. पडदा सपाट घेतला तर तार त्याला भोसकते आणि प्रवाह 1 अँपिअर येतो. तोच पडदा फुगवून तबकडीच्या पलीकडे, दोन तबकड्यांमधल्या फटीत नेला तर त्यातून तार जातच नाही. प्रवाह शून्य. वळसा तोच, चुंबकीय क्षेत्र तेच, आणि उत्तरे मात्र दोन. नियमात काहीतरी राहून गेले आहे.

विकलन रूपात हाच दोष दुसऱ्या तोंडाने बोलतो. कोणत्याही क्षेत्राच्या कर्लचे डायव्हर्जन्स शून्य असते, हे निव्वळ गणित आहे. मग ∇×B = μ₀J खरे असेल तर J चे डायव्हर्जन्सही सर्वत्र शून्य हवे, म्हणजे प्रभार कुठेच साठता कामा नये. पण तबकडीवर तर तो साठतो आहे.

दुरुस्ती पहिल्या नियमात दडलेली आहे. फुगवलेल्या पडद्यातून विद्युतप्रवाह जात नसला तरी विद्युत फ्लक्स जातो. कडेच्या थोड्या विस्कळीत रेषा सोडल्या तर गाउसच्या नियमाने तो Q/ε₀ आहे. त्याच्या बदलाचा दर ε₀ ने गुणला तर तबकडीवर प्रभार साठण्याचा दर मिळतो, आणि तो तारेतल्या प्रवाहाएवढाच, म्हणजे 1 अँपिअर. यालाच विस्थापन प्रवाह म्हणतात. ही भर घातली की चौथी ओळ पुरी होते:

∮ B·dl = μ₀(I + ε₀ dΦ_E/dt)
∇×B = μ₀(J + ε₀ ∂E/∂t)

आता पडदा कुठेही न्या, उत्तर एकच येते. शिवाय दोन्ही बाजूंचे डायव्हर्जन्स घेतले तर प्रभार एका जागी जितका वाढतो तितकाच दुसरीकडून आलेला असतो, हे अक्षय्यतेचे तत्त्वही या सूत्रातून बाहेर पडते. विस्थापन प्रवाहात कोणताही कण फटीतून पलीकडे जात नाही. तिथे बदलत असते ते विद्युतक्षेत्र, आणि त्या बदलाभोवती चुंबकीय क्षेत्र उभे राहते. हे प्रत्यक्षात किती असते? तबकडीच्या कडेपाशी μ₀I/2πR, म्हणजे 4 मायक्रोटेस्ला. महाराष्ट्रात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सुमारे 40 मायक्रोटेस्ला आहे, म्हणजे त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढे. अक्षापासून निम्म्या अंतरावर ते 2 मायक्रोटेस्ला आणि मधोमध शून्य. हे क्षेत्र मोजणे जड का जाते, तेही आकड्यांतूनच दिसते. या दराने फटीतले विद्युतक्षेत्र दर सेकंदाला 1.4 × 10¹³ व्होल्ट प्रतिमीटर इतके वाढते, आणि हवा सुमारे 30 लाख व्होल्ट प्रतिमीटरला ठिणगी देऊन हार खाते. म्हणजे 1 अँपिअरचा प्रयोग सेकंदाच्या पन्नास लाखाव्या भागात आटोपतो. एकोणिसाव्या शतकातल्या संथ प्रयोगांत ही संज्ञा कोणाच्या नजरेस पडली नाही, यात नवल नाही.

जेम्स क्लार्क मॅक्सवेल इथपर्यंत पोचला तो वरच्या तर्काने नाही. 1861–62 च्या लेखमालेत त्याने अवकाशात फिरणाऱ्या भोवऱ्यांचे एक यांत्रिक चित्र मांडले आणि त्यातून ही भर निघाली. 1865 मध्ये ते चित्र मागे ठेवून त्याने नुसत्या क्षेत्राची समीकरणे दिली. ती चार नव्हती, वीस होती. त्यांना आजचे चार ओळींचे रूप ऑलिव्हर हेविसाइडने 1880 च्या दशकात दिले.

त्या एका संज्ञेने जे घडले ते असे. तार नाही, प्रभार नाही अशा मोकळ्या जागेत ρ आणि J दोन्ही शून्य. मग तिसरा नियम म्हणतो, बदलता B म्हणजे फिरता E. चौथा म्हणतो, बदलता E म्हणजे फिरता B. दोन्ही एकमेकांत बसवले की लाटेचे समीकरण मिळते आणि तिचा वेग 1/√(μ₀ε₀) येतो. चौथ्या नियमातली नवी संज्ञा वगळली तर ही साखळी तुटते आणि लाट उरत नाही. μ₀ साठी 1.257 × 10⁻⁶ आणि ε₀ साठी 8.854 × 10⁻¹² हे आकडे घालून पाहा. सेकंदाला 2.998 × 10⁸ मीटर. मॅक्सवेलपाशी हे आकडे या रूपात नव्हते. त्याने वेबर आणि कोलराउश यांनी 1856 मध्ये प्रभार व प्रवाह यांच्या मोजमापातून काढलेले गुणोत्तर वापरले. त्यात प्रकाशाचा कुठेही संबंध नव्हता, आणि तरी सेकंदाला 3,10,740 किलोमीटर असा वेग निघाला. फिझोने प्रकाशाचा प्रत्यक्ष मोजलेला वेग मॅक्सवेलने शेजारी मांडला: 3,14,858 किलोमीटर.

मॅक्सवेल 1879 मध्ये गेला. कार्ल्सरूह येथे हाइन्रिख हर्ट्झने 1887–88 मध्ये ठिणगीच्या फटीतून अशा लाटा सोडल्या आणि समोरच्या भिंतीवर जस्ताचा पत्रा लावून त्या परत फिरवल्या. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या लाटा मिळून खोलीत काही जागी क्षेत्र शून्य होत होते. हातातल्या तारेच्या कड्याच्या फटीत तिथे ठिणगी उडेना. दोन शून्य जागांमधले अंतर म्हणजे निम्मी लहर. ठिणगीच्या कंपनाची वारंवारता हिशेबाने काढून त्याने या लाटांचा वेग ठरवला, आणि तो प्रकाशाच्या वेगाच्या घरातला होता.