एका उलट्या तारेचा फरक

१९४६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला एनिॲक हा संगणक लोकांसमोर आला. तो आकडे दशमान पद्धतीने साठवायचा. शून्य ते नऊ यांतला एकच अंक लक्षात ठेवायला त्याला दहा फ्लिप-फ्लॉप लागत, आणि भोवतालची जोडणी धरली तर छत्तीस निर्वात नळ्या. आज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत CD4017 नावाची सोळा पायांची चिप किरकोळ किमतीत मिळते. तीही दहापर्यंतच मोजते. तिच्या दहा पायांना एलईडी जोडले की ते एकामागून एक पेटतात, आणि सजावटीतल्या पळत्या दिव्यांसाठी हौशी मंडळी तीच वापरतात. पण या चिपच्या पोटात फ्लिप-फ्लॉप आहेत फक्त पाच. निम्मे फ्लिप-फ्लॉप वाचले ते कशामुळे, आणि त्या बचतीची किंमत कुठे मोजावी लागली, हे समजून घेण्यासारखं आहे.

फ्लिप-फ्लॉप म्हणजे एकच गोष्ट लक्षात ठेवणारं सर्किट: १ किंवा ०, चालू किंवा बंद. क्लॉकचा ठोका पडला की त्याच्या तोंडाशी जे असेल ते तो आत घेतो आणि पुढच्या ठोक्यापर्यंत धरून ठेवतो. आता चार मुलं गोल करून बसली आहेत आणि प्रत्येकाच्या हातात पाटी आहे असं समजा. घंटा वाजली की प्रत्येकाने डावीकडच्याच्या पाटीवर जे होतं ते आपल्या पाटीवर लिहायचं. एकाच पाटीवर १ असेल आणि बाकीच्यांवर ०, तर तो १ गोल फिरत राहील. हाच रिंग काउंटर. फ्लिप-फ्लॉपना अ, ब, क, ड म्हटलं आणि त्याच क्रमाने आकडे लिहिले, तर त्याच्या स्थिती अशा येतात:

```
१०००  ०१००  ००१०  ०००१  (पुन्हा १०००)
```

इथे कोणती पायरी चालू आहे हे ओळखायला काहीच करावं लागत नाही. अ वर १ असेल तर पहिली पायरी, ब वर असेल तर दुसरी. फ्लिप-फ्लॉपच्या पायातून निघालेली तार थेट दिव्याला लावायची. पण चार पायऱ्यांना चार फ्लिप-फ्लॉप लागतात आणि दहाला दहा. एनिॲकने हाच मार्ग धरला होता.

जॉन्सन काउंटरमध्ये बदल एकाच तारेत असतो. ड कडून अ कडे परत येणारी तार सरळ न जोडता उलटी जोडायची. पाट्यांच्या भाषेत, पहिल्या मुलाने शेवटच्या मुलाच्या पाटीच्या नेमकं उलट लिहायचं: तिथे ० असेल तर १, १ असेल तर ०. सगळ्या पाट्यांवर ० ठेवून सुरुवात करा. ड वर ० आहे, म्हणून अ वर १ येतो. पुढच्या घंटेलाही ड वर ० च आहे, म्हणून आणखी एक १ आत शिरतो. असे १ भरत जातात, आणि पहिला १ ड पर्यंत पोचला की त्याच वाटेने ० भरायला लागतात.

```
००००  १०००  ११००  १११०
११११  ०१११  ००११  ०००१  (पुन्हा ००००)
```

चार फ्लिप-फ्लॉपमध्ये आठ पायऱ्या. पाच घेतले तर दहा, आणि CD4017 चं गणित हेच आहे.

मात्र आता पायरी ओळखायला गेट लागतात. चार फ्लिप-फ्लॉप आहेत, तर चारही तारा तपासणारं चार तोंडांचं अँड गेट प्रत्येक पायरीला लागेल असं पहिल्यांदा वाटतं. पण दोन तोंडांचं पुरतं. वरच्या यादीकडे पुन्हा पाहा. प्रत्येक ओळीत १ चा एक सलग पट्टा आणि ० चा एक सलग पट्टा आहे, आणि दोन्ही भेटतात अशी सीमा एकच आहे. ११०० मध्ये ती ब आणि क यांच्यामध्ये आहे. योग्य क्रमात असताना ‘ब वर १ आणि क वर ०’ ही अवस्था दुसऱ्या कुठल्याही ओळीत सापडत नाही. म्हणून तेवढंच पाहणारं गेट ११०० ओळखतं. १११० साठी ‘क वर १, ड वर ०’. परतीच्या वाटेवर ०१११ साठी ‘अ वर ०, ब वर १’. ज्या दोन ओळींत मध्ये सीमाच नाही तिथे दोन टोकं पाहायची: दोन्हींवर ० असेल तर ००००, दोन्हींवर १ असेल तर ११११. अशी आठ पायऱ्यांना दोन तोंडांची आठ अँड गेट झाली. फ्लिप-फ्लॉपला सरळ आणि उलटा असे दोन्ही पाय सहसा असतातच, त्यामुळे वेगळी नॉट गेटही लागत नाहीत.

यात आणखी एक फायदा आहे, आणि माझ्या मते जॉन्सन काउंटर निवडण्याचं खरं कारण तोच आहे. साधा बायनरी काउंटर आठ पायऱ्या तीनच फ्लिप-फ्लॉपमध्ये बसवतो, म्हणजे तो आणखी काटकसरी. पण तीनवरून चारवर जाताना तो ०११ चा १०० होतो आणि तिन्ही आकडे एकदम बदलतात. एकदम म्हणायचं, खरं तर कुणीतरी काही नॅनोसेकंद आधी बदलतो आणि कुणी नंतर. त्या फटीत क्षणभर ००० किंवा ०१० अशी भलतीच स्थिती दिसते, आणि ती ओळखणारं गेट एक बारीकशी पल्स सोडतं. तिला ग्लिच म्हणतात. एलईडीवर ती डोळ्याला दिसत नाही. पण तीच तार दुसऱ्या काउंटरच्या क्लॉकला लावली असेल, तर तो एक ठोका जास्त मोजतो आणि चूक कुठे झाली हे शोधताना माणूस दमतो. जॉन्सन काउंटरमध्ये प्रत्येक ठोक्याला एकच फ्लिप-फ्लॉप बदलतो. शर्यतच नाही, म्हणून भलतं गेट उघडत नाही.

आता वाचवलेल्या फ्लिप-फ्लॉपची किंमत. खरं तर ती दोन्ही काउंटरना मोजावी लागते. चार फ्लिप-फ्लॉप एकूण सोळा प्रकारे चालू-बंद असू शकतात. रिंग काउंटर त्यांतले चार वापरतो, जॉन्सन आठ. वीज चालू होते तेव्हा फ्लिप-फ्लॉप कोणत्या स्थितीत जागे होतील याची खात्री नसते, आणि चालू सर्किटमध्येही शेजारचा रिले खटकन पडला की एखादा आकडा पलटू शकतो. मग काउंटर न वापरलेल्या स्थितीत जाऊन पडतो, आणि आपोआप परत येत नाही.

रिंग काउंटर ०००० मध्ये गेला तर फिरवायला १ च नाही, सगळे दिवे कायमचे बंद. ११११ मध्ये गेला तर सगळे कायमचे चालू. १०१० मध्ये गेला तर तो आणि ०१०१ आळीपाळीने येत राहतात. ११०० मध्ये गेला तर एकाऐवजी दोन दिवे गोल पळत राहतात.

यावर उपाय नॉर गेटचा आहे. ड ची तार अ ला जोडायचीच नाही. त्याऐवजी अ, ब, क या तिघांवर ० असेल तेव्हाच अ ला १ द्यायचा. बिघडलेले जादा १ एकेक पुढे सरकत टोकाला गळून पडतात, आणि तोवर नवा १ आत येत नाही. ११११ पासून सुरुवात केली तर ०१११, ००११, ०००१ असं होत तिसऱ्या ठोक्याला काउंटर वाटेवर येतो.

जॉन्सनमध्ये बिघाड जरा वेगळा दिसतो. न वापरलेल्या आठही स्थितींचं मिळून एकच दुसरं चक्र होतं:

```
०१००  १०१०  ११०१  ०११०
१०११  ०१०१  ००१०  १००१  (पुन्हा ०१००)
```

काउंटर यात शिरला की इथेच फिरत राहतो. ओळखायचं कसं? या आठही ओळींत सीमा एक नसून तीन आहेत (दोन टोकांची तुलनाही सीमा धरली तर). म्हणून आठ दिव्यांपैकी एकाऐवजी तीन दिवे एकदम पेटलेले दिसतात. पहिल्या दिव्याला शून्य क्रमांक दिला तर ०१०० ला शून्य, दोन आणि पाच पेटतात, पुढच्या ठोक्याला एक, तीन आणि सहा. तिघं आपलं अंतर राखून बरोबर चालतात. क्लॉक वेगवान असेल तर डोळ्यांना सगळे दिवे मंद पेटल्यासारखे वाटतात आणि काही कळत नाही. ठोका सेकंदाला एक इतका हळू करून पाहिला की हा बिघाड लगेच नजरेत येतो.

इथला उपाय क च्या तोंडाशी करायचा. क ला ब ची तार सरळ न देता, ब वर १ असेल आणि शिवाय अ किंवा क यांपैकी निदान एकावर १ असेल, तरच क ला १ द्यायचा. एक ऑर आणि एक अँड गेट, एवढाच खर्च. योग्य क्रमात ब वर १ असतो तेव्हा अ किंवा क वरही १ असतोच, म्हणून चांगल्या चालीत काही फरक पडत नाही. पण ०१०० मध्ये ब एकटाच आहे. तो १ पुढे जात नाही, अ मध्ये नेहमीप्रमाणे १ येतो आणि पुढची स्थिती १००० होते. सगळ्यांत लांबची वाट १०१० ची: ११०१, ०११०, १०११, ०१०१ आणि मग ००००, म्हणजे पाच ठोके. CD4017 मध्ये अशी सोय आतच असते. तिचं माहितीपत्रक तिला अँटिलॉक गेटिंग म्हणतं.

वीज आल्यावर रेझिस्टर-कपॅसिटरने एकदा रीसेट दिला की काम भागतं असं बरेच जण मानतात. सुरुवात त्याने नीट होते हे खरं. पण दुपारी मोटार सुरू होताना एक आकडा पलटला, तर कुणीतरी वीज बंद करून पुन्हा लावेपर्यंत काउंटर चुकीच्या चक्रातच राहतो. मशीनची पायरी ठरवणाऱ्या काउंटरला दोन गेटचा खर्च टाळणं मला पटत नाही.

फ्लिप-फ्लॉप महाग होते तोवर जॉन्सनची बचत मोलाची होती. एफपीजीए नावाच्या आजच्या चिपमध्ये फ्लिप-फ्लॉप हजारोंनी पडलेले असतात, म्हणून डिझाइन करणारे पुन्हा रिंग काउंटरच्या जातीच्या वन-हॉट पद्धतीकडे वळतात: पायरीला एक फ्लिप-फ्लॉप. आठ पायऱ्यांना आठ फ्लिप-फ्लॉप घेतले की शक्य स्थिती होतात २५६ आणि त्यांतल्या २४८ चुकीच्या. चुकीच्या स्थितीतून परत आणणाऱ्या ओळी कोडमध्ये लिहिल्या, तरी सिंथेसिस सॉफ्टवेअर ‘इथे कधीच पोचता येत नाही’ असं समजून त्या काढून टाकू शकतं. म्हणून व्हिवाडोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये `fsm_safe_state` असा वेगळा आदेश द्यावा लागतो, आणि तो दिल्यावर परतीची वाट खरोखर राहिली का, हे एक आकडा मुद्दाम पलटवून तपासावं लागतं.