पगडीचा अर्थ कोण लावतो?

माणूस बोलू लागण्यापूर्वीच त्याचा पोशाख बोलू लागतो, असे आपण म्हणतो. पण पोशाख खरोखर बोलतो, की पाहणाराच आपल्या मनातले त्याच्या तोंडी घालतो? शीख माणसाच्या पगडीचा परदेशातील इतिहास पाहिला म्हणजे या प्रश्नाचे उत्तर बरेचसे मिळते.

मी नांदेड जिल्ह्यातला. हुजूर साहिबमुळे आमच्याकडे पगडी हे रोजचे दृश्य आहे. पगडीवाला दुकानदार असतो, ट्रकचालक असतो, वर्गमित्रही असतो. म्हणून नुसती पगडी पाहून कुणी काही तर्क करीत नाही. मुळात शीख धर्मातील पाच ककारांत पगडी येत नाही. त्यांत केश येतात. न कापलेले केस नीट झाकून राखायचे, यासाठी पगडी. म्हणजे ‘कामापुरती काढून ठेवा ना,’ असे सांगणे हे टोपी काढायला सांगण्याइतके साधे नसते.

पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धात शीख सैनिक ब्रिटिशांच्या बाजूने पगडी बांधूनच लढले. तेव्हा इंग्रजांच्या लेखी ही पगडी शौर्याची खूण होती. पुढे इंग्लंडमधील वुल्व्हरहॅम्प्टन या शहरात १९६७ साली काय घडले ते पाहा. तरसेमसिंग संधू हे तेथील नगरपालिकेच्या बसवर चालक होते. नोकरीला लागताना त्यांची दाढी केलेली होती. आजारपणाच्या रजेनंतर ते दाढी राखून, पगडी बांधून कामावर आले आणि त्यांना घरी पाठवण्यात आले. कारण एवढेच की, गणवेशाच्या नियमात दाढी-पगडी बसत नव्हती. बस चालवण्यात त्यांच्या हातून काही चूक झाली होती असे नाही. पण वरिष्ठांनी पगडीचा अर्थ ‘शिस्तभंग’ असा लावला. त्याच शहरातील खासदार इनॉक पॉवेल यांनी एप्रिल १९६८ च्या आपल्या कुप्रसिद्ध भाषणात शिखांच्या या मागणीचा दाखला दिला. त्यांच्या मते ती इंग्रज समाजात मिसळून न जाण्याची खूण होती. मोर्चे निघाले. सोहनसिंग जॉली या गृहस्थांनी तर आत्मदहनाचा इशारा दिला. अखेर एप्रिल १९६९ मध्ये बंदी उठली. एका बसचालकाच्या डोक्यावरील कापडासाठी जवळजवळ दोन वर्षे गेली!

आता अमेरिकेत या. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर दूरदर्शन संचावर पगडी व दाढी असलेल्या ओसामा बिन लादेनचे चित्र सतत दिसत होते. चारच दिवसांनी, १५ सप्टेंबरला, ॲरिझोनातील मेसा येथे बलबीरसिंग सोढी या पेट्रोल पंपाच्या मालकाला एकाने पंपाबाहेरच गोळ्या घालून ठार केले. मारणाऱ्याची आणि त्यांची काही ओळख नव्हती. पगडी व दाढी पाहून त्याने त्यांना शत्रू ठरवले. पगडी तीच; सैन्यात ती शौर्य ठरली, बसवर शिस्तभंग आणि पंपावर शत्रुत्व. बदलला तो पाहणारा आणि त्याच्या मनातील भीती.

यात एक अवघड जागा आहे. अशा वेळी ‘आम्ही मुसलमान नव्हे, शीख आहोत,’ असे सांगण्याचा मोह होतो. माहिती म्हणून ते खरेच आहे. पण बचाव म्हणून पुढे केले की त्यातून वेगळाच अर्थ निघतो. मुसलमान असता तर गोळी योग्य ठिकाणी लागली असती काय? चूक केवळ ओळखण्यात नव्हती. कपड्यावरून अपराध ठरवण्यात होती.

प्रत्येक प्रश्नामागे द्वेष असतो असे मात्र नाही. माझ्या एका शीख मित्राचे काका कॅनडात नोकरी करतात. ‘हे रोज बांधायला किती वेळ लागतो?’ असे सहकाऱ्याने विचारले तर ते आनंदाने सांगतात. पण ‘तुमच्या घरच्या बायकांना बाहेर पडू देता का?’ असे विचारले म्हणजे ते गप्प होतात. पहिल्या प्रश्नात विचारणाऱ्याला काही जाणून घ्यायचे असते. दुसऱ्यात उत्तर आधीच ठरलेले असते. कुतूहल आणि पूर्वग्रह यांतील फरक ओळखायची ही सोपी खूण होय.

हे सारे परदेशातच घडते असे समजून आपण निश्चिंत राहू नये. माझ्या प्रवेशाच्या वेळी वडील धोतर नेसून, फेटा बांधून माझ्याबरोबर आले होते. पालकाच्या सहीची वेळ आली तेव्हा कार्यालयातील कारकुनाने काही न विचारता अंगठ्यासाठी शाईचे पॅड पुढे सरकवले. वडिलांनी खिशातले पेन काढले आणि सावकाश, पूर्ण नावाची सही केली. ते सातवीपर्यंत शिकलेले आहेत. कारकून काही दुष्ट नव्हता. त्याने फेटा पाहिला आणि माणूस वाचून झाला असे त्याला वाटले.

वडिलांच्या हातात पेन होते, म्हणून तो गैरसमज तिथल्या तिथे मिटला. संधूंना दोन वर्षे लागली. सोढींना तर उत्तर द्यायला क्षणही मिळाला नाही.