कोठा जड, कारण गळ्यात

पोट साफ होत नाही म्हणून रसायनी-मोहोपाड्यातला माणूस दवाखान्यात येतो, तेव्हा कारण त्याने स्वतःच ठरवलेलं असतं. पाताळगंगा एमआयडीसीतला कामगार पाळीला दोष देतो. आठवडाभर रात्रपाळी, म्हणजे जेवणाची वेळ गेली आणि संडासची वेळही गेली. घरातल्या बायका म्हणतात, दिवसभरात पाणीच पिणं होत नाही. ही कारणं खरी असतात आणि बहुतेकांना तेवढी सुधारली की पुरतात. पाणी, पालेभाजी, चालणं आणि सकाळची ठरलेली वेळ सांभाळली, की महिन्याभरात तक्रार निघून जाते.

मला लिहायचं आहे ते उरलेल्यांबद्दल. सगळं करूनही ज्यांचा कोठा हलत नाही आणि चूर्णाचा चमचा दर दोन महिन्यांनी वाढत जातो, त्यांच्याबद्दल. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, इथपर्यंतचं सगळं वैद्यकशास्त्र नेहमीचंच मानतं. आठवड्यातून तीनदाही होत नाही, खडा होतो, जोर करावा लागतो, झाल्यावरही राहिल्यासारखं वाटतं, आणि हे तीन महिने सरले तरी चालूच आहे, तर मग पोटाच्या बाहेर बघावं लागतं.

नाव बाजूला ठेवून एका बाईंची हकिकत सांगतो. वय त्रेचाळीस, घरी शिलाईकाम करतात, यजमान कंपनीत. वर्षभर चार-पाच दिवसांनी एकदा पोट साफ होत होतं. आधी रात्री चमचाभर चूर्ण घ्यायच्या, मग दोन, पुढे तीन. मधल्या काळात थकवा वाढला म्हणून रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन नऊच्या आसपास. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. लोहाने शौच आणखी कडक होतं, म्हणून त्यावर सकाळी इसबगोल आलं. एकेक गोष्ट पाहिली तर कुणीच काही चुकीचं सुचवलेलं नव्हतं.

त्या बोलायला लागल्या तेव्हा आधी लक्षात आला तो आवाज. जाड, थोडा घोगरा. सर्दी नव्हती. एप्रिलच्या उकाड्यात त्यांनी मला पंखा बंद करायला सांगितला. विचारत गेल्यावर बाकीचं बाहेर आलं: पाळी आठ-आठ दिवस जाते, वजन वर्षात सहा किलोने वाढलं, पाय ओढल्यासारखे वाटतात, डोळ्यांखाली सकाळी सूज असते. नाडी मिनिटाला छप्पन. त्यांना खुर्चीवर गुडघे टेकवून बसवलं, पावलं मागे मोकळी सोडली आणि टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडीने हलकं मारलं. पाऊल झटकन हललं, पण मूळ जागी परतताना सावकाश, रेंगाळत परतलं. थायरॉईड मंदावल्याची ही जुनी खूण आहे. प्रत्येकात दिसत नाही, पण दिसली की सहसा फसवत नाही.

तपासणीत टीएसएच ४६ आला, फ्री टी-४ कमी. निरोगी मोठ्या माणसाचा टीएसएच साधारण ०.४ ते ४.५ च्या दरम्यान असतो. हा आकडा उलटा वाचायचा असतो, आणि तिथेच पुष्कळांचा गोंधळ होतो. टीएसएच गळ्यातल्या ग्रंथीतून येत नाही, मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून येतो. ‘काम कर’ असा तो थायरॉईडला दिलेला हुकूम असतो. थायरॉईड ऐकेनाशी झाली की हुकूम वाढत जातो. म्हणून टीएसएच चढलेला म्हणजे थायरॉईड मंद.

थायरॉईडचं संप्रेरक शरीराच्या बहुतेक सगळ्या कामांचा वेग ठरवतं, आतड्याच्या स्नायूंचाही. ते कमी पडलं की आतडं पुढे ढकलायचं काम सावकाश करतं. मोठ्या आतड्याचं एक मुख्य काम आहे पाणी शोषून घेणं, आणि मल तिथे जितका जास्त वेळ थांबेल तितका सुकत जातो. म्हणजे बाईंनी कितीही पाणी प्यायलं असतं तरी मुक्कामच लांबल्यामुळे खडा होणारच होता. जड पाळी आणि त्यातून रक्त कमी होणं, हेही याच एका मुळाचं.

मिठाबद्दल इथे बोलायला हवं, कारण ‘आम्ही समुद्राजवळचे, आम्हाला थायरॉईड कसा?’ हा प्रश्न मला रायगडात नेहमी विचारला जातो. पेण-उरणच्या मिठागरातल्या खड्या मिठात आयोडीन नगण्य असतं. ते कारखान्यात मुद्दाम घालावं लागतं. आणि आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या घरांमध्येही मोठ्या माणसाचा थायरॉईड मंदावतो तो बहुतेक वेळा वेगळ्याच कारणाने. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच त्या ग्रंथीवर उलटते. हाकारू हाशिमोटो या जपानी शल्यचिकित्सकाने १९१२ साली हा आजार लिहून ठेवला, म्हणून त्याला हाशिमोटोचं नाव आहे. मीठ बदलून तो जात नाही. भारतातल्या आठ शहरांत साडेपाच हजारांच्या जवळपास प्रौढांची तपासणी झाली आणि २०१३ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दहातल्या एकाहून थोड्या जास्त लोकांचा थायरॉईड मंद निघाला. त्या शहरांत मुंबई आणि गोवाही होते, म्हणजे किनाऱ्यावरची माणसं यातून सुटलेली नाहीत.

उपचार साधा आहे: जे संप्रेरक कमी पडतं तेच गोळीतून द्यायचं. १८९१ मध्ये इंग्लंडात जॉर्ज मरे या डॉक्टरने मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून एका बाईंना बरं केलं आणि त्या पुढे अठ्ठावीस वर्षं जगल्या. आज लेव्होथायरॉक्सिनची बारीक गोळी मिळते. ग्रंथी जवळजवळ बंदच पडली असेल तर वजनाच्या दर किलोला दिवसाला साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतं. आमच्या बाई चौसष्ट किलोच्या, म्हणजे सुमारे शंभर. हृदय धडधाकट असेल आणि वय कमी असेल तर पुरा डोस लवकर देता येतो. म्हाताऱ्या किंवा हृदयरोगी माणसाला पंचवीसपासून हळूहळू चढवतात. बाईंना पन्नासवर सुरू करून पुढे शंभर केले.

आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा केला. सहा ते आठ आठवडे थांबायचंच असतं, त्याआधीचा आकडा खरी स्थिती सांगत नाही. तो १९ आला. उतरला होता, पण उतरायला हवा होता तितका नाही. पोटही तसंच. अशा वेळी डोस वाढवण्याचा मोह होतो. त्याआधी मी त्यांना सकाळ कशी जाते ते घड्याळ लावून सांगायला लावलं. उठल्यावर थायरॉईडची गोळी, तिच्यासोबत लोहाची, कारण दोन्ही ‘उपाशीपोटीच्या’; लगेच ग्लासभर इसबगोल; आणि पाच मिनिटांत चहा.

लोह थायरॉक्सिनला आतड्यातच पकडून ठेवतं. कॅल्शियमही तेच करतं. इसबगोलाचा चिकट गोळा आणि चहा-कॉफी शोषण कमी करू शकतात. म्हणजे बद्धकोष्ठासाठी घेतलेलं औषधच बद्धकोष्ठाच्या खऱ्या औषधाला रक्तात जाऊ देत नव्हतं. डोस तोच ठेवला, वेळा बदलल्या. पहाटे नळाला पाणी येतं तेव्हा त्या उठतातच. तेव्हा नुसत्या पाण्याबरोबर गोळी. चहा तासाभराने. लोहाची गोळी दुपारच्या जेवणानंतर, म्हणजे मध्ये चार तासांहून जास्त अंतर. इसबगोल रात्री, भरपूर पाण्यासोबत. गोळ्यांची बाटली गॅसच्या ओट्यावरून काढून कपाटात गेली, कारण उष्णता आणि आपल्याकडच्या पावसाळ्यातली दमट हवा या गोळीला मानवत नाही. पुढच्या तपासणीत टीएसएच ३ च्या आसपास आला. तोवर दिवसाआड पोट साफ होऊ लागलं होतं आणि चूर्णाचा डबा बंद झाला होता.

याची मर्यादाही सांगायला हवी. टीएसएच सहा-सात आणि टी-४ नेहमीसारखा असेल, तर बद्धकोष्ठाचं खापर थायरॉईडवर फोडता येत नाही. अशांना गोळी देऊन पोट सुधारेलच असं नाही. बऱ्याचदा काही महिन्यांनी पुन्हा तपासणं एवढंच योग्य असतं. उलट तान्ह्या बाळाच्या बाबतीत एक दिवसही दवडू नये. कावीळ दोन आठवडे लांबलेली, शी क्वचित, रडणं घोगरं, बेंबी फुगलेली, दिवसभर झोप, आणि घरचे म्हणतात ‘बाळ किती शहाणं, त्रासच देत नाही’. अशा बाळाचा टीएसएच त्याच दिवशी करावा. पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाला तर मेंदूची वाढ वाचते. टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन करायची तपासणी जन्मानंतर दोन-तीन दिवसांत होते. प्रसूतीच्या ठिकाणी ती मागून घ्यावी.

मधुमेहाचं गणित वेगळं आहे. इथे वेग ठरवणारं संप्रेरक कमी नसतं, आतड्याला हुकूम नेणाऱ्या नसा खराब झालेल्या असतात. वर्षानुवर्षं साखर वर राहिली की पायाची बोटं बधिर होतात, हे लोकांना माहीत असतं. त्याच प्रकारची इजा आपल्या ताब्यात नसलेल्या, पोट आणि हृदय चालवणाऱ्या नसांना होते, हे माहीत नसतं. अशा माणसाला काही दिवस शौचाला होत नाही आणि मग एखाद्या रात्री अचानक जुलाब लागतात. दोन घास खाल्ले तरी पोट भरतं. उठून उभं राहिलं की अंधारी येते. शेवटची तक्रार दवाखान्यात तपासता येते: पाच मिनिटं आडवं झोपवून रक्तदाब घ्यायचा, मग उभं करून तीन मिनिटांत पुन्हा. वरचा आकडा वीस किंवा त्याहून जास्त पडला तर नसांचा संशय घ्यावा. जठरच सुस्त झालेल्या माणसाने इसबगोलाचे चमचे वाढवले, तर तो गोळा वरच अडून पोटफुगी वाढते. त्याला पाण्यात विरघळणारी, आतड्यात पाणी धरून ठेवणारी पावडर जास्त उपयोगी. साखर आटोक्यात आणल्याने पुढची इजा थांबते. झालेली पूर्ण भरून निघेल असं वचन देता येत नाही. साखर आणि वजनासाठी निघालेल्या आठवड्याच्या इंजेक्शनांनीही बद्धकोष्ठ होतं. ती सुरू केल्यावरच तक्रार आली असेल तर डॉक्टरांना तसं सांगावं.

थायरॉईड आणि साखर दोन्ही ठीक निघाली, तर मी रक्तातलं कॅल्शियम बघतो. आठ-साडेआठ ते साडेदहा या पट्ट्याच्या वर गेलेलं कॅल्शियम आतडं मंद करतं, सोबत तहान वाढते, लघवी वाढते, कधी मुतखडा होतो. गळ्यातच थायरॉईडच्या मागे चार छोट्या ग्रंथी असतात. त्यांतली एक वाढली की असं होतं. आपल्याकडे आणखी एक कारण आढळतं: गुडघेदुखीसाठी सहा-सहा लाख युनिटची ड जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, एकामागून एक, कुणीही मोजदाद न ठेवता. म्हणून दवाखान्यात येताना घेतलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं पिशवीत घालून आणावीत. रक्तदाबाच्या काही गोळ्या, झोपेच्या आणि दुखण्याच्या काही गोळ्याही कोठा जड करतात. पन्नाशीपुढच्या माणसाला बद्धकोष्ठासोबत वास येईनासा झाला आणि झोपेत हातपाय झाडणं सुरू झालं, तर मज्जातंतूतज्ज्ञांना दाखवावं. कंपवाताआधी कित्येक वर्षं हे दिसू शकतं.

आणि एका गटाने थायरॉईडच्या अहवालाचीही वाट बघू नये. चाळीस-पन्नाशीपुढे ज्यांची सवय अचानक बदलली, शौचातून रक्त जातं, वजन आपोआप उतरतंय, हिमोग्लोबिन कारण नसताना घटलंय किंवा घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला आहे, त्यांनी थेट मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी. आणि पोट फुगून ताठ झालं, उलट्या सुरू झाल्या आणि वाराही सरत नाही, तर चूर्ण न घेता त्याच तासाला रुग्णालय गाठावं.